कपाटावरचं घरटं आणि पलंगाखालची ट्रंक: दिवाळीआधीच्या सफाईच्या नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

घर सांगलीतलं, तळमजला अधिक एक मजला, १९८४ सालचं बांधकाम. स्वयंपाकघर खाली आहे. ओट्याच्या वर लाकडी कपाटं आहेत, कपाटांच्या डोक्यावर साधारण नऊ इंचांची फट आणि त्याच्यावर सिमेंटचा माळा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी अंगणात आलं तेव्हा खालचं सगळं सामान मिळेल तिथे वर चढवलं होतं. त्यातलं निम्मं आजवर खाली उतरलेलं नाही. खोक्यावर खोकं चढत गेलं आणि शेवटी नऊ इंचांची फटही मिक्सरच्या रिकाम्या खोक्यांनी भरली.

पावसाळ्यापासून रात्री वरून खुडखुड ऐकू येत होती. जुलैत एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने ओट्याखाली, मोरीत आणि फ्रिजमागे फवारलं आणि अठराशे रुपये घेऊन गेला. माळा त्याने उघडूनही पाहिला नाही, आणि मीही त्याला शिडी आणून दिली नाही. आवाज चालूच राहिला.

आज सकाळी कपाटांवरची खोकी काढायला सुरुवात केली. तिसऱ्या खोक्यामागे घरटं सापडलं. नारळाच्या करवंटीएवढा गोळा, एका बाजूला भोक. आत चार पिल्लं. अंगावर राखाडी लव आली होती, पण डोळे मिटलेले. उंदराच्या पिल्लाला लव आठवड्याभरात येते आणि डोळे चौदाव्या दिवसाच्या आसपास उघडतात, म्हणजे ही नऊ-दहा दिवसांची असणार.

इथे माझ्या हातून पहिली चूक झाली. घरटं दिसायच्या आधी मी वरची धूळ कोरड्या झाडूने खाली ओढली होती. तोंडाला फक्त ओढणी. दहा मिनिटांत घसा धरला. उंदराच्या लेंड्या आणि वाळलेलं मूत त्या धुळीत मिसळलेलं असतं, आणि झाडू मारला की तेच हवेत उडून नाकात जातं. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी एवढं तरी पाळावं: आधी भिजवायचं, मग पुसायचं, झाडू हातात घ्यायचाच नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. पिल्लं बघून मला हात लावावासा वाटेना. खोकं होतं तसं परत ठेवलं आणि म्हटलं, सकाळी बघू.

५ ऑक्टोबर, रविवार

घरटं रिकामं. आईने रात्रीत चारही पिल्लं उचलून नेली. घरट्याला धक्का लागला की उंदरीण पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, हे मला आज कळलं. काल चाप लावून मगच खोकी हलवली असती तर ती कपाटावरच सापडली असती. आता ती घरात कुठेही असू शकते.

पुढे ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी क्रम लिहून ठेवते. आधी बाहेरून यायच्या वाटा बंद करायच्या, मग आतल्या उंदरांसाठी चाप लावायचे. सलग पाच रात्री चाप रिकामे राहिले, नवी लेंडी दिसली नाही, की मग सफाई. मी नेमकं उलटं केलं.

रिकामं घरटं मात्र टाकलं नाही. पाण्याच्या फवारणीच्या बाटलीत सोडियम हायपोक्लोराइट आणि पाणी एकास नऊ असं घेतलं (औषधाच्या दुकानात पाच टक्क्यांची बाटली मिळते), घरटं नीट भिजवलं आणि दहा मिनिटं थांबले. खिडक्या उघड्या, एन-९५ मास्क, रबरी हातमोजे. या पाण्यात मोरीचं ॲसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड चुकूनही मिसळायचं नाही, क्लोरीनचा वायू सुटतो आणि बंद माळ्यावर माणूस गुदमरतो.

मग जुन्या ताटात ते घरटं चिमट्याने उलगडलं. हे काम वीस मिनिटांचं होतं आणि पूर्ण महिन्यात सगळ्यांत उपयोगी हेच ठरलं. उंदीर घरट्याचं सामान बाहेरून आणत नाही, जवळपास जे मऊ मिळेल ते कुरतडून आणतो. त्यामुळे घरट्यातला प्रत्येक धागा घरातल्याच कुठल्या तरी जागेतून आलेला होता. बाहेरचा थर पिवळट तागाच्या धाग्यांचा: हे हळदीचं पोतं, माळ्यावर डाव्या कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं. मधला थर कॅलेंडरच्या कागदाच्या चिंध्या. आणि अगदी आतला, पिल्लांच्या खालचा थर, तांबडी लोकर.

तांबडी लोकर माळ्यावर नाही. मी सासूबाईंना ताट दाखवलं. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही माझी शाल आहे. लग्नातली. ती तर ट्रंकेत आहे."

ट्रंक त्यांच्या खोलीत, लोखंडी पलंगाखाली. स्वयंपाकघराची भिंत आणि त्या खोलीची भिंत एकच. आईंना ती लगेच उघडायची होती. मी म्हटलं, "आई, आज नको. एकदा घाई करून पिल्लं गेली, आता आधी चाप लावू."

६ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसवरून येताना लाकडी चाप सहा आणले. चिकट पॅड घेतले नाहीत. मागे एकदा आणला होता तेव्हा त्यावर पाल चिकटली. गोडेतेल सोडून ती सोडवायला अर्धा तास गेला आणि ती तरीही जगली नाही. उंदीरही त्यावर तासन्‌तास जिवंत राहतो. विषाच्या वड्याही नकोत, कारण विष खाऊन तो कपाटाच्या मागे मरतो, तिथपर्यंत हात पोहोचत नाही आणि पंधरा दिवस वास जात नाही.

चाप कुठे लावायचे हे रांगोळीने ठरवलं. पांढरी रांगोळी चाळून भिंतीलगत हातभर लांबीचे पातळ पट्टे मारले: कपाटांवर, माळ्यावर, सिंकखाली, फ्रिजमागे, आईंच्या पलंगाखाली. पट्टा इतका पातळ की खालची फरशी दिसली पाहिजे. जाड थर असला तर उंदीर वळसा घालून जातो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी टॉर्च आडवी धरून पाहिलं. सिंकखालच्या पट्ट्यावर ठसे अगदी स्पष्ट, पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच आणि मधून शेपटीची बारीक रेघ. आईंच्या पलंगाखालीही ठसे. माळ्यावरचा पट्टा कोरा. म्हणजे जिथून आवाज यायचा तो माळा आता सोडलेला होता आणि ये-जा खालून चालली होती.

सिंकखालून मागे पाहिलं तर पाण्याच्या फिल्टरचा निचऱ्याचा पाइप जिथून भिंतीबाहेर जातो तिथे पाइपच्या भोवती अंगठा जाईल एवढी फट. बसवणाऱ्याने भोक मोठं पाडलं आणि पांढरं सिमेंट थापायचं राहून गेलं. लहान उंदराला एवढं लागतही नाही. साधी पेन्सिल ज्या फटीत जाते त्या फटीतून तो जातो, त्याची कवटी गेली की अंगही जातं. मी पेन्सिल घेऊन घरभर फिरले. खालच्या मजल्यावर अशा सात जागा निघाल्या. चार बाहेरच्या बाजूला आणि तीन आतल्या, त्यातली एक स्वयंपाकघर आणि आईंच्या खोलीमधली, जुन्या वायरिंगच्या पाइपाची.

रात्री सहाही चाप लावले. भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटात गूळ मळून हरभऱ्याएवढी गोळी. चाप भिंतीला काटकोनात, खाण्याचं टोक भिंतीकडे. उंदीर भिंतीला चिकटून चालतो आणि वाटेत जे येईल त्यावरून जातो. भिंतीला समांतर लावला तर कधी कधी तो मागच्या बाजूने चढतो आणि चाप बसतो तेव्हा निसटतो.

रात्री अकराला पहिला आवाज आला. सिंकखाली, मोठा नर.

८ ते १० ऑक्टोबर

बाहेरच्या चार फटी बुजवल्या. पहिली फट घाईघाईत फवाऱ्याच्या फोमने भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोममध्ये बोगदा आणि खाली पिवळा भुगा पडलेला. फोम, कापड, एम-सील यातलं काहीही एकटं चालत नाही. शेवटी भांडी घासायच्या स्टीलच्या तारेच्या घासण्या आणल्या, उलगडून पेचकसाने फटीत गच्च कोंबल्या आणि वरून सिमेंट-वाळूचा हात मारला. घासणी स्टीलची पाहूनच घ्यावी, साधी लोखंडी असेल तर मोरीच्या ओलाव्याने गंजून भुसा होते. सिंकखालच्या भोकाला बाहेरून बारीक डोळ्याची जाळीही ठोकली.

आतल्या तीन फटी मुद्दाम उघड्या ठेवल्या. त्या बंद केल्या असत्या तर उंदरीण एका बाजूला आणि चाप दुसऱ्या बाजूला अशी गत झाली असती.

तीन रात्री चाप रिकामे, गोळी मात्र चाटून साफ. मऊ गोळी चाप न उडवता खाता येते. त्यावर उपाय म्हणून गोळीऐवजी अख्खा शेंगदाणा दोऱ्याने खिळीला करकचून बांधला, म्हणजे ओढल्याशिवाय सुटणार नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज ट्रंक.

पत्र्याची, हिरव्या रंगाची, १९७१ साली आईंच्या वडिलांनी लग्नात दिलेली. पलंगाखालून बाहेर ओढून गॅलरीत नेली. मागचा खालचा कोपरा गंजून गेलेला, पत्रा पापडासारखा तुटला. भोक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. उंदीर तिथूनच येत होता.

उघडण्याआधी कडेला चाप लावले, तरी आत कोणी नव्हतं. वरच्या थरात आईंची नऊवारी सुती लुगडी, मग लग्नातला शालू, मग तांबडी शाल, तळाला गोधडी आणि त्याखाली वर्तमानपत्राचा अस्तर. शालीचा एक कोपरा तळहाताएवढा कुरतडून नेला होता. ते उंदराचं काम, कडा दातांनी तोडल्यासारख्या फाटलेल्या.

पण शालीवर दुसरीही भोकं होती, बारीक आणि गोल, घडीच्या आत आत, जिथे उंदीर पोहोचला नव्हता. शालूच्या रेशमी काठालाही तशीच तीन. शेजारच्या सुती लुगड्याला मात्र एकही नाही. हा फरक बघून कळतं. लोकर आणि रेशीम दोन्ही प्राण्यापासून येतात आणि ते पचवणारा किडा वेगळा आहे. सुती कपड्याला तो सहसा तोंड लावत नाही, जेवणाचा डाग पडला असेल तरच. शाल पांढऱ्या चादरीवर हळूच झटकली आणि भिंगाने पाहिलं. तांदळाच्या कणीएवढ्या तपकिरी अळ्या, अंगावर पट्टे आणि भरपूर केस, शेपटाकडे केसांचा झुपका. आणि त्यांच्याहून जास्त संख्येने त्यांच्याच आकाराच्या पोकळ, पातळ काती. अळी वाढताना कात टाकत जाते आणि त्या काती कपड्यात राहतात. नुसत्या काती सापडल्या तरी कीड तिथे होती असं धरायचं.

तळाच्या वर्तमानपत्राची कडा वेगळ्याच तऱ्हेने खाल्लेली होती. वरची साय खरवडून नेल्यासारखा कागद पातळ झालेला, आरपार भोक कमी. हे रुपेरी, सळसळत पळणाऱ्या किड्याचं काम, त्याला कागदातली आणि खळ दिलेल्या कपड्यातली खळ हवी असते. आई दोघांनाही कसरच म्हणतात. पण औषध दोघांना एकच नाही, म्हणून कोण आहे ते बघूनच पुढे जावं. केसाळ अळ्यांसाठी कपडे फ्रिजरमध्ये ठेवावे लागतात. रुपेरी कसरीला ओलावा लागतो, तो काढला आणि कागद काढले की ती बहुतेक जाते.

ह्या केसाळ अळ्या आल्या कुठून याचं उत्तर परवाच्या घरट्यात होतं. ताटात राहिलेला चुरा भिंगाखाली धरला तर त्यातही दोन काती सापडल्या. या किड्याची मादी मेलेल्या उंदरापाशी, पक्ष्याच्या घरट्यात, झडलेल्या केसांत अंडी घालते. एक भोक उंदराने वापरलं, त्याच भोकातून पाठोपाठ हा आला.

आईंनी चाळीस वर्षं दर पावसाळ्यात डांबरगोळ्या टाकल्या होत्या. ट्रंकेच्या कोपऱ्यात त्यांची रिकामी प्लास्टिकची पुडी होती, आत काहीच नाही. डांबरगोळीचा वायू अगदी बंद डब्यात साचला तरच किडा मरतो. तळाला भोक असलेल्या ट्रंकेत तो निघून जातो, वास तेवढा राहतो. शिवाय दिवाळीला नणंद दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार आहे. ज्या बाळाच्या रक्तात जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्याच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वाफेने फुटतात आणि कावीळ होते. बाळाच्या रक्ताची तशी तपासणी झालेली नाही. म्हणून घरातल्या सगळ्या डांबरगोळ्या आजच बाहेर काढल्या.

शालू उन्हात घालायचा आईंचा आग्रह होता. उन्हाने अळ्या पळतात हे खरं, पण घडीच्या आतल्या मरत नाहीत आणि जुन्या रेशमाचा रंग उडतो, जर काळी पडते. सुती लुगडी आणि गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवली. शाल आणि शालू फ्रिजरमध्ये.

फ्रिजरची पद्धत अशी. कपडा पातळ मलमलीत गुंडाळायचा, मग जाड पॉलिथिन पिशवी, हाताने दाबून हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद. फ्रिजर उणे अठराच्या आसपास असला पाहिजे. मी साधा फ्रिजचा थर्मामीटर आत ठेवून पाहिलं तर नेहमीच्या खटक्यावर उणे बारा होतं. खटका शेवटपर्यंत फिरवल्यावर रात्रीत उणे अठरा झालं. सात दिवस तरी ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची, म्हणजे बाहेरच्या दमट हवेचं पाणी पिशवीवर साचेल, जरीवर नाही.

फ्रिजरमध्ये एका वेळी एकच कपडा मावतो. शाल आधी घातली.

१२ ऑक्टोबर, रविवार

उंदरीण अजून शेंगदाण्याला येत नव्हती. तिला खाण्यापेक्षा पिल्लांसाठी मऊ काही हवं असणार असं मनात आलं आणि आईंच्या विणकामाच्या पिशवीतून तांबडी लोकर मागितली. बोटभर तुकडा चापाच्या खिळीला तीन वेढे देऊन बांधला, टोक सुटं ठेवलं. दोन चाप आईंच्या खोलीत, वायरिंगच्या पाइपाच्या तोंडापाशी.

पहाटे चारला मादी सापडली. दातांत लोकर होती.

मला वाईट वाटलं. पिल्लं आता साधारण अठरा दिवसांची, स्वतः खायला लागायच्या बेतातली. तिला मारल्यावर ती उपाशी बाहेर येतील हे माहीत होतं आणि तसंच झालं.

१४ ते १८ ऑक्टोबर

१४ ला एक पिल्लू, १५ ला एक, १७ ला वसुबारसेच्या दिवशी तिसरं. तिघं त्याच पाइपाच्या तोंडापाशी. प्रत्येक वेळी चापासकट हायपोक्लोराइटचं पाणी मारून, दहा मिनिटं थांबून, दोन पिशव्यांत बांधून घंटागाडीत दिलं. चौथं पिल्लू सापडलं नाही.

१८ ला शाल बाहेर, शालू आत.

त्याच दिवशी माळा पूर्ण उतरवला. सहा तास लागले, दोघं जणं. पाणी मारून मग फडक्याने पुसलं, फडकी टाकून दिली. हळदीचं पोतं, पुराच्या वेळची चौदा पुठ्ठ्याची खोकी, थर्माकोल सगळं बाहेर गेलं. जे ठेवायचं होतं ते चार झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्यांत भरलं. कपाटांवरच्या नऊ इंचांच्या फटीत आता काहीही ठेवायचं नाही असं ठरवलं. ती जागा दिसत नाही, पुसता येत नाही आणि खालून स्वयंपाकाची ऊब वर जाते.

खोक्यांच्या पुठ्ठ्यातल्या नळ्यांसारख्या घड्यांत आणि कपाटाच्या मागच्या कडेला झुरळांच्या अंड्यांची पाकिटं चिकटलेली होती. राजम्याच्या लहान दाण्याएवढी, गडद तपकिरी. मोठ्या तांबूस झुरळाचं असं एक पाकीट म्हणजे साधारण पंधरा पिल्लं, आणि ती फुटायला दीड ते दोन महिने लागतात. फवारा पाकिटाच्या आत जात नाही. मी कालथ्याने खरवडून साबणाच्या गरम पाण्यात टाकली. मोजली तेव्हा सदतीस होती.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

काम बंद. बाळ आलंय. फक्त रांगोळीचे पट्टे सकाळी बघितले, कपाटांवर कोरे, सिंकखाली कोरे.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाहुणे गेले. आमच्या खोलीतला बॉक्सचा पलंग उघडला. आत पुठ्ठ्याच्या खोक्यांत जुनी पुस्तकं आणि मुलाची खेळणी. एका खोक्यात चौथं पिल्लू, आता जवळजवळ पूर्ण वाढलेलं, समोरून पळालं. पलंगाच्या आतल्या भिंतीलगत दोन चाप लावले आणि रात्री सापडलं. त्याने घरटं घालायला सुरुवात केली होती, खेळण्यातल्या अस्वलाच्या पोटातला कापूस घेऊन. बॉक्सच्या पलंगाला मागून वायर जायला भोक असतं, ते कोणी बंद करत नाही. आमच्याही पलंगाला होतं. घासणी कोंबली, वरून पत्र्याचा तुकडा ठोकला.

इथे झुरळंही होती, म्हणून जेल लावायचं ठरवलं. आणि अजून एक चूक: आदल्या दिवशी नवऱ्याने झुरळं बघून त्याच पलंगात फवाऱ्याचा डबा मारला होता. मी त्यावरच जेलचे ठिपके दिले. चार दिवस एकही ठिपका खाल्लेला दिसला नाही. फवाऱ्याच्या वासाने झुरळं त्या जागेपासून लांब राहतात, मग जेल कोण खाणार?

१ नोव्हेंबर, शनिवार

पलंग आतून साबणाच्या पाण्याने दोनदा पुसला, वाळू दिला, जेलचे ठिपके नव्याने दिले. मूगडाळीच्या दाण्याएवढा एक, कोपऱ्यांत आणि बिजागरीच्या मागे, पलंगात एकूण बारा आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांमागे सोळा. फवारा लपवून ठेवला.

आतल्या तिन्ही फटीही आज सिमेंटने बंद केल्या, कारण सलग पाच रात्री चाप आणि पट्टे दोन्ही कोरे होते. शालूला सणात फ्रिज सारखा उघडला गेल्यामुळे सात दिवसांऐवजी चौदा दिवस दिले. आज बाहेर काढला, उद्या पिशवी उघडेन.

ट्रंकेचा गंजलेला कोपरा घासून घेतला, आतून पत्र्याचा तुकडा रिव्हेट करून आणला. पत्र्याच्या दुकानातल्या मिस्त्रीने ऐंशी रुपये घेतले.

९ नोव्हेंबर, रविवार

जेलचे बहुतेक ठिपके खाल्लेले. सकाळी कपाटाच्या पायथ्याशी मेलेली झुरळं, पहिल्या आठवड्यात रोज आठ-दहा, आता एक-दोन. जे ठिपके वाळून कडक झाले होते ते खरवडून नवे दिले.

आतापर्यंतचा खर्च: चाप ३६०, हायपोक्लोराइट ९०, मास्क आणि हातमोजे २००, घासण्या १५०, सिमेंट-वाळू १२०, जाळी १८०, जेल ४२०, चार प्लास्टिकच्या पेट्या २६००, ट्रंकेचा पत्रा ८०. एकूण ४२००, आणि त्याआधी जुलैत गेलेले १८०० वेगळे. वेळ: सहा शनिवार-रविवार आणि रोज सकाळी पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी घरटं न हलवता चाप लावले असते तर त्यातले दोन आठवडे तरी वाचले असते.

१४ डिसेंबर, रविवार

अंड्यांची एखादी पाकिटं नजरेतून सुटली असतील तर ती आता फुटायला हवीत, म्हणून दोन महिन्यांनी मुद्दाम पाहिलं. पलंगाच्या बिजागरीमागे तीन पिल्लं, पांढरट आणि मुंगीएवढी. तिथे ताजे चार ठिपके दिले. स्वयंपाकघरात काही नाही. माळ्यावरचा रांगोळीचा पट्टा दोन महिने तसाच आहे, त्यावर फक्त एका पालीची नागमोडी वाट.

शाल पुन्हा पांढऱ्या चादरीवर झटकली. काती नाहीत. रफूवाल्याकडे दिली होती, त्याने अकरा भोकांपैकी नऊ नीट भरली आणि कुरतडलेल्या कोपऱ्याला काठ लावून दिला. उरलेली दोन भोकं आईंनी स्वतः भरली. लोकर चापाला बांधून उरलेल्या त्याच गुंडीतली घेतली, रंग बऱ्यापैकी जुळला.